स्लोप चार्ट कसा काढायचा: दहा राज्यांची साक्षरता, २००१ आणि २०११

दोन उभ्या रेषा, डावीवर जुन्या वर्षाचे आकडे, उजवीवर नव्या वर्षाचे, आणि प्रत्येक घटकाचे दोन ठिपके जोडणारी एक तिरकी रेष. स्लोप चार्ट म्हणजे एवढंच. स्तंभालेखात दहा घटकांचे दोन वर्षांचे वीस स्तंभ उभे केले तर वाचणाऱ्याला प्रत्येक जोडीची उंची डोळ्यांनी मोजावी लागते. इथे बदल रेषेच्या तिरकेपणातच दिसतो, आणि कोण कोणाच्या पुढे गेलं ते रेषा कुठे एकमेकींना छेदतात त्यावरून कळतं.

काढायला सोपा असला तरी हा तक्ता चुकतो तो बहुतेक वेळा रेषा ओढण्याआधीच, म्हणजे आकडे निवडताना आणि मूल्य दाखवायचं की क्रमांक हे ठरवताना. म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत नेऊ या: जनगणनेतला साक्षरतेचा दर, दहा राज्यं, २००१ आणि २०११.

आधी आकडे

| राज्य | २००१ | २०११ |
|---|---|---|
| केरळ | ९०.९ | ९४.० |
| गोवा | ८२.० | ८८.७ |
| महाराष्ट्र | ७६.९ | ८२.३ |
| हिमाचल प्रदेश | ७६.५ | ८२.८ |
| तामिळनाडू | ७३.५ | ८०.१ |
| त्रिपुरा | ७३.२ | ८७.२ |
| कर्नाटक | ६६.६ | ७५.४ |
| आंध्र प्रदेश | ६०.५ | ६७.० |
| उत्तर प्रदेश | ५६.३ | ६७.७ |
| बिहार | ४७.० | ६१.८ |

हे आकडे सात वर्षं आणि त्यावरच्या वयाच्या लोकसंख्येतल्या साक्षरांची टक्केवारी सांगतात. दोन्ही वर्षांना व्याख्या तीच आहे, म्हणून तुलना चालते. १९८१ च्या जनगणनेत पाच वर्षांपासूनची मुलं धरलेली होती. तो आकडा तसाच उचलून डावीकडे ठेवला, तर रेषेच्या तिरकेपणात साक्षरतेची वाढ किती आणि व्याख्येतला बदल किती हे वेगळं करता येणार नाही.

दुसरी तपासणी आकडा कोणत्या टप्प्यावरचा आहे याची. २०११ च्या जनगणनेचे आधी तात्पुरते आकडे आले आणि नंतर अंतिम. तात्पुरत्या आकड्यांत त्रिपुरा ८७.७५ आणि गोवा ८७.४० होतं, म्हणजे त्रिपुरा पुढे. अंतिम आकड्यांत गोवा ८८.७० आणि त्रिपुरा ८७.२२, म्हणजे गोवा पुढे. एकाच जनगणनेचे दोन संच, पण एकाने तक्ता काढला तर गोवा आणि त्रिपुराच्या रेषा छेदतात आणि दुसऱ्याने काढला तर छेदत नाहीत. बिहारचा तात्पुरता आकडा ६३.८ होता, अंतिम ६१.८. इंटरनेटवर दोन्ही संच सारखेच फिरत असतात आणि काही तक्त्यांत तर ते एकमेकांत मिसळलेलेही दिसतात. वरच्या तक्त्यात सगळीकडे अंतिम आकडे घेतले आहेत.

तिसरी गोष्ट सीमांची. २०१४ साली तेलंगण वेगळं झालं, पण २००१ आणि २०११ या दोन्ही वर्षांच्या आकड्यांत ते आंध्र प्रदेशातच आहे, त्यामुळे इथे अडचण नाही. फक्त तक्त्याखाली तसं लिहायचं. झारखंड आणि आजचं उत्तराखंड ही राज्यं नोव्हेंबर २००० मध्ये झाली. म्हणून १९९१ आणि २००१ अशी जोडी घेतली असती, तर बिहार आणि उत्तर प्रदेशाचे १९९१ चे आकडे आजच्या सीमांप्रमाणे काढलेले शोधावे लागले असते. रेष दिसायला सरळ दिसते, पण तिची दोन टोकं दोन वेगळ्या प्रदेशांची असू शकतात, आणि चित्र पाहून ते कोणाच्याही लक्षात येत नाही.

मूल्य की क्रमांक

या तक्त्यातला सगळ्यात मोठा निर्णय हाच. दोन्ही पर्याय कागदावर उतरवून शेजारी ठेवले की फरक चटकन दिसतो.

मूल्य दाखवलं, म्हणजे उभ्या पट्टीवर टक्केवारी घेतली, तर सगळ्यात तिरकी रेष बिहारची येते: ४७.० वरून ६१.८, म्हणजे १४.८ अंकांची चढण. तिच्या पाठोपाठ त्रिपुरा १४.० आणि उत्तर प्रदेश ११.४. दहाही रेषा वर जातात, एकही खाली येत नाही.

आता याच दहा राज्यांचे क्रमांक लावा. बिहार २००१ मध्ये दहावं आणि २०११ मध्येही दहावं. म्हणजे ज्या राज्याची वाढ सगळ्यात मोठी, त्याची रेष तळाशी अगदी आडवी पडते. कर्नाटक सातव्यावरून सातव्यावर, तीही रेष आडवी, आणि तिथे प्रत्यक्षात ८.८ अंकांची वाढ आहे. महाराष्ट्र तिसऱ्यावरून पाचव्यावर येतं, म्हणून त्याची रेष खाली उतरते. वाचणाऱ्याला वाटेल महाराष्ट्रातली साक्षरता घसरली. प्रत्यक्षात ती ७६.९ वरून ८२.३ झाली, पण तेवढ्या काळात हिमाचल थोड्या आणि त्रिपुरा बऱ्याच जास्त वेगाने चढलं.

सगळ्यात गमतीचं उदाहरण हिमाचल प्रदेशाचं. २००१ मध्ये चौथं, २०११ मध्येही चौथं. क्रमांकाच्या चित्रात शांत आडवी रेष, पण त्या दहा वर्षांत हिमाचलने महाराष्ट्राला मागे टाकलं आणि त्रिपुराने हिमाचलला. एक जागा मिळवली, एक गमावली, हिशोब शून्य.

तेव्हा प्रश्न ‘किती बदललं’ असा असेल तर मूल्य घ्या. क्रमांक घ्यायचा तो स्पर्धाच विषय असेल तेव्हा, म्हणजे गुणतक्ता, विक्रीतलं स्थान, निवडीची यादी. किंवा मूल्यांचा पल्लाच फार मोठा असेल तेव्हा: एक घटक पन्नास लाखांवर आणि बाकीचे नऊ घटक हजारांतच अडकलेले असले, तर मूल्याच्या पट्टीवर नऊ रेषा तळाशी एकमेकींवर चिकटतात आणि क्रमांकाशिवाय काही दिसत नाही. साक्षरतेच्या आकड्यांना ही अडचण नाही, म्हणून इथे मूल्यच योग्य.

मूल्याच्या चित्राचीही एक मर्यादा ध्यानात ठेवायला हवी. केरळची रेष सगळ्यात कमी तिरकी, फक्त ३.१ अंक. पण ज्याची सुरुवातच ९०.९ वर आहे त्याला वर जायला जागाच नऊ अंकांची. शंभराची मर्यादा असलेल्या कोणत्याही मापात वरच्या घटकांच्या रेषा सपाट येणारच. त्यावरून ‘केरळची प्रगती मंदावली’ असा मथळा देऊ नये.

आलेखकागदावर मापं ठरवणं

थेट संगणकावर न जाता एकदा मिलिमीटरच्या आलेखकागदावर हा तक्ता काढून पाहावा. संगणक जे निर्णय मुकाट्याने घेऊन टाकतो, ते इथे आपल्यालाच घ्यावे लागतात, आणि नंतर संगणकाने काय बिघडवलं ते ओळखू येतं.

१८ सेंटीमीटर रुंदीची जागा धरा. डाव्या कडेपासून ५ सेंटीमीटरवर पहिली उभी रेष, तिथून ८ सेंटीमीटरवर दुसरी, आणि उरलेले ५ सेंटीमीटर उजवीकडे. दोन्ही बाजूंची ही मोकळी जागा नावांसाठी आहे. ‘हिमाचल प्रदेश ७६.५’ एवढा मजकूर एका ओळीत मावला पाहिजे. नवखी माणसं उभ्या रेषा कागदाच्या कडांना नेऊन ठेवतात आणि मग नावं लिहायला जागा उरत नाही.

उंची २० सेंटीमीटर घ्या. खालचं टोक ४५, वरचं ९५. पन्नास अंकांना २०० मिलिमीटर, म्हणजे एका अंकाला ४ मिलिमीटर. बिहारचा २००१ चा ठिपका तळापासून (४७.० − ४५) × ४ = ८ मिलिमीटरवर, २०११ चा (६१.८ − ४५) × ४ = ६७.२ मिलिमीटरवर. केरळचे ठिपके १८३.६ आणि १९६ मिलिमीटरवर. बाकीचे असेच.

पट्टी शून्यापासून सुरू केली नाही म्हणून बिचकायचं कारण नाही. स्तंभालेखात ती शून्यापासूनच हवी, कारण तिथे स्तंभाची लांबीच आकडा सांगते. इथे आकडा ठिपक्याच्या जागेत आहे आणि बदल तिरकेपणात. शून्यापासून सुरू केलं तर खालची जवळजवळ अर्धी जागा रिकामी जाईल आणि वरच्या रेषा दाटीवाटीने बसतील.

पण याच कारणाने दोन उभ्या रेषांमधलं अंतर फार महत्त्वाचं ठरतं. आपल्या मापात बिहारची रेष ८० मिलिमीटर आडवं जाताना ५९ मिलिमीटर वर चढते. स्पष्ट चढण, पण ओढूनताणून केलेली नाही. हेच अंतर ३ सेंटीमीटर केलं तर तीच रेष शिडीसारखी उभी दिसेल आणि केरळचे ३.१ अंकही झेप वाटतील. अंतर फार वाढवलं तर उलट सगळंच सपाट होईल. अमुक एक अंतर खरं आणि बाकीची खोटी असं काही नाही. सगळ्यात मोठा बदल साधारण ३५ ते ४५ अंशांत बसवला, की मोठा आणि लहान यांतला फरक नीट कळतो. मात्र दोन तक्ते शेजारी ठेवायचे असतील, समजा पुरुष आणि स्त्रियांची साक्षरता वेगवेगळी, तर दोन्हींची उंची, पट्टी आणि अंतर हे तिन्ही सारखंच हवं. नाहीतर दोन चित्रांतल्या तिरकेपणाची तुलना व्यर्थ.

नावांची गर्दी

या तक्त्यात सगळ्यात जास्त वेळ इथे जातो. १० पॉइंटचं अक्षर साधारण साडेतीन मिलिमीटर उंचीचं. देवनागरीत वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार येतात. ‘त्रिपुरा’ या एका शब्दात वरही आहे आणि खालीही. म्हणून दोन ओळींच्या मध्यांमध्ये किमान साडेचार मिलिमीटर अंतर ठेवा. त्याहून कमी झालं की एका नावाचा उकार दुसऱ्याच्या वेलांटीवर जाऊन बसतो.

आता तपासा. डावीकडे महाराष्ट्र ७६.९ आणि हिमाचल ७६.५, फरक ०.४, म्हणजे कागदावर जेमतेम १.६ मिलिमीटर. तामिळनाडू ७३.५ आणि त्रिपुरा ७३.२, फक्त १.२ मिलिमीटर. उजवीकडे हिमाचल आणि महाराष्ट्र २ मिलिमीटर, उत्तर प्रदेश आणि आंध्र २.८ मिलिमीटर. या चार जोड्या भिडणार. गोवा आणि त्रिपुरा उजवीकडे ६ मिलिमीटरवर आहेत, ते सुखरूप.

उपाय असा की ठिपका जागचा हलवायचा नाही, फक्त नाव सरकवायचं. डावीकडे महाराष्ट्राचं नाव दीड मिलिमीटर वर, हिमाचलचं दीड मिलिमीटर खाली, म्हणजे दोघांत ४.६ मिलिमीटर झाले. तामिळनाडू १.७ वर, त्रिपुरा १.७ खाली. उजवीकडे हिमाचल १.३ वर आणि महाराष्ट्र १.३ खाली. तिथे क्रम उलटलेला आहे, डावीकडचा क्रम सवयीने तसाच लिहिला जातो आणि नावं चुकतात. उत्तर प्रदेश ०.९ वर, आंध्र ०.९ खाली.

तीन किंवा चार नावं एकाच ठिकाणी अडकली तर असं सरकवणंही पुरत नाही. नाव ठिपक्यापासून इतकं लांब जातं की कोणाचं कोणतं कळेनासं होतं. तिथे एक तर तक्त्याची उंची वाढवा, नाहीतर घटक कमी करा. राजस्थान (६०.४ आणि ६६.१) या यादीत नाही त्याचं कारण हेच: आंध्राच्या रेषेला ती जवळजवळ चिकटून जाते. बारा-पंधरा रेषांपलीकडे हा प्रकार ताणू नये. सगळी राज्यं दाखवायचीच असतील, तर सरळ आकड्यांचा तक्ता बरा. मात्र कोणते घटक घेतले आणि कशावरून, ते खाली एका वाक्यात लिहा, नाहीतर सोयीचे तेवढे उचलले असा संशय येतो.

स्प्रेडशीटमध्ये

एक्सेलचं उदाहरण घेऊ. `A1` रिकामं ठेवा. `B1` मध्ये `'2001` आणि `C1` मध्ये `'2011` लिहा. सुरुवातीचं एकेरी अवतरणचिन्ह महत्त्वाचं आहे, त्यामुळे वर्ष हा मजकूर समजला जातो. नाहीतर कधी कधी २००१ हाच एक आकडा समजून त्याची अकरावी रेष काढली जाते आणि पट्टी दोन हजारांपर्यंत पोचते. खाली `A2` ते `A11` राज्यं, शेजारी आकडे.

सगळं निवडून `Insert` मधून `Line with Markers` घ्या. पहिल्यांदा येणारं चित्र बहुधा चुकीचं असेल: खाली आडवी दहा राज्यं आणि त्यांवरून जाणाऱ्या दोन नागमोडी रेषा. ओळी स्तंभांपेक्षा जास्त असल्या की एक्सेल ओळींना आडव्या अक्षावर ठेवतं. `Chart Design` मध्ये `Switch Row/Column` दाबा, की दहा रेषा आणि दोन वर्षं होतात.

उभ्या अक्षावर उजवी टिचकी मारून `Format Axis` उघडा, `Minimum` 45 आणि `Maximum` 95 करा. मग `Labels` खाली `Label Position` `None` करा. अक्ष पुसून टाकू नका, पुढे पट्टी बदलायची वेळ आली तर तो हाताशी हवा. आडव्या अक्षावर `Axis position` `On tick marks` करा, म्हणजे रेषा चित्राच्या दोन्ही कडांपर्यंत पोचतात. आडव्या जाळीरेषा आणि रंगांची सूची पुसून टाका. सूची ठेवली तर वाचणारा दहा रंग आणि दहा नावं यांच्यात खाली-वर करत बसतो, आणि ते टाळण्यासाठीच तर हा तक्ता काढला.

नावं लावताना रेषेवर एकदा टिचकी मारली की दोन्ही ठिपके निवडले जातात, त्याच ठिपक्यावर पुन्हा मारली की तो एकटा. डावा ठिपका निवडून उजव्या टिचकीने `Add Data Label`, मग `Format Data Labels` मध्ये `Series Name` आणि `Value` दोन्हींवर खूण, आणि `Label Position` `Left`. उजव्या ठिपक्याला तसंच, पण `Right`. वीस नावं अशी एकेक लावायची. कंटाळवाणं आहे, पण जवळचा रस्ता नाही. नावं कापली जात असतील तर आतल्या चौकटीच्या कडा ओढून ती अरुंद करा, म्हणजे बाजूंची जागा मोकळी होते. भिडलेली नावं माऊसने धरून वर-खाली सरकवा. हे सगळं अक्षराचा आकार आणि चित्राची रुंदी पक्की झाल्यावर करा. नंतर चित्र लहान-मोठं केलं की हाताने सरकवलेली नावं पुन्हा जागा सोडतात.

क्रमांकाचा तक्ता हवा असेल तर `D2` मध्ये हे सूत्र लिहा आणि `E11` पर्यंत ओढा:

```
=RANK(B2,B$2:B$11,0)
```

`D1` आणि `E1` मध्ये वर्षं तशीच पुन्हा लिहा आणि `A` मधली नावं व हे दोन स्तंभ निवडून चित्र काढा. त्यात पहिला क्रमांक तळाशी येतो. उभ्या अक्षावर `Values in reverse order` ला खूण केली की तो वर जातो. पट्टी 0 ते 11 ठेवा, म्हणजे पहिली आणि शेवटची रेष कडेला चिकटत नाही. समान आकड्यांना हे सूत्र समान क्रमांक देतं आणि पुढचा क्रमांक गाळतं, मग दोन ठिपके एकमेकांवर बसतात आणि एक राज्य गायब झाल्यासारखं दिसतं. एका दशांश स्थळापर्यंत आकडे घेतले की असं होतं. दोन स्थळं घेऊन पाहा. आणि हे क्रमांक ‘या दहा राज्यांतले’ आहेत, देशातले नव्हेत, हे तक्त्यावरच लिहिलेलं असावं. मिझोराम २०११ मध्ये ९१.३ वर आहे, ते घेतलं असतं तर गोवा दुसरं राहिलं नसतं.

रंग आणि मथळा

दहा रेषांना दहा रंग देऊ नयेत. आठ रेषा करड्या, पाऊण पॉइंट जाडीच्या. ज्यांच्याबद्दल बोलायचं त्या एक-दोन गडद, सव्वादोन पॉइंट. इथे त्रिपुरा आणि बिहार. त्यांच्या नावांनाही तोच रंग. जाडीतला फरक ठेवला की झेरॉक्समध्ये रंग गेला तरी चित्र वाचता येतं. महाराष्ट्राच्या वाचकांसाठी असेल तर महाराष्ट्राची रेष गडद करण्यात काही गैर नाही, पण मग तिला मागे टाकणाऱ्या हिमाचल आणि त्रिपुराच्या रेषा छेदताना स्पष्ट दिसतील एवढ्या तरी गडद ठेवा.

मथळ्यात ‘साक्षरता २००१ ते २०११’ एवढंच लिहू नका. ‘बिहारमध्ये वाढ सगळ्यात मोठी, तरी दहांत तळाशी’ असं चित्रात जे दिसतं ते लिहा. ‘साक्षरता १४.८ टक्क्यांनी वाढली’ असं मात्र लिहू नये, कारण ४७.० वर १४.८ म्हणजे जवळजवळ ३१ टक्क्यांची वाढ होते आणि कोणता अर्थ घ्यायचा ते वाचणाऱ्याला कळत नाही. ‘४७.० वरून ६१.८ टक्क्यांवर’ असे दोन्ही आकडेच द्यावेत.

मधल्या नऊ वर्षांबद्दल तिरकी रेष काहीच सांगत नाही. ती सरळ असते कारण आपल्याकडे दोनच ठिपके आहेत, दर वर्षी सारखीच वाढ झाली म्हणून नव्हे. मधले आकडे हाताशी असतील आणि ते वर-खाली होत असतील, तर साधा रेषालेख काढा. शेवटी आकड्यांचा मूळ तक्ता समोर ठेवून चित्रातले छेदनबिंदू मोजा. या दहा राज्यांत ते पाच यायला हवेत: त्रिपुराचे तामिळनाडू, हिमाचल आणि महाराष्ट्राशी तीन, हिमाचलचा महाराष्ट्राशी एक, उत्तर प्रदेशाचा आंध्राशी एक. सहा आले किंवा चारच आले, तर कुठला तरी आकडा चुकीच्या ओळीत टाइप झाला आहे. आणि सहावा छेद गोवा आणि त्रिपुराचा असेल, तर २०११ चे तात्पुरते आकडे आत आले आहेत.